नहाणीतलं निळं पाणी

आकाराम मोहिते हा कडेगावचा गडी. चांगला उंचापुरा, उसाच्या मोळ्या सहज डोक्यावर घेणारा. सांगलीत येऊन तो बाळंतिणींची लुगडी आणि पोरांची दुपटी धुतो, हे ऐकून त्याच्या थोरल्या भावाला आठ दिवस अन्न गोड लागलं नव्हतं. लष्करात जाऊन आलेला मराठ्याचा पोर आणि धुण्याला बसला! पण आकाराम धुण्याला बसत नव्हता, उभा राहत होता. बसून धुवायचं ते हातानं, उभं राहून धुवायचं ते मशीननं, एवढा फरक तो कुणालाही समजावून सांगायला तयार असे. ऐकणारा मिळत नसे, ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या महायुद्धात तो इराकात होता, बसऱ्याकडच्या लष्करी इस्पितळात. तिथं त्यानं तीन वर्षं कपडे धुण्याची मशीनं चालवली. लढाई संपली, पलटण मोडली आणि वर्षभर तो भावाच्या उसात पाणी पाजत राहिला. मग सांगलीच्या डॉक्टर धन्यकुमार मगदुमांनी पुण्याला लष्करी मालाच्या विक्रीत एक विलायती मशीन घेतलं. ते चालवता येईल असा माणूस पंचक्रोशीत शोधून शोधून एकच सापडला.

मशीन म्हणजे पांढऱ्या रोगणाचं एक मोठं पिंप. आत फिरणारा पंखा, वर कपडे पिळायचे दोन रबरी रूळ, आणि खाली घाण पाणी बाहेर फेकणारा छोटा पंप. पंपाला हातभर लांबीची चार वेटोळी होतील एवढी रबरी नळी. डॉक्टरांनी ते बाळंतिणींच्या खोल्यांना लागून असलेल्या मोठ्या नहाणीघरात ठेवलं. दवाखाना खाली, डॉक्टरांचं घर वर. घरात डॉक्टर आणि त्यांच्या आई पद्मावतीअक्का.

आकारामाला पगारापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची ओढ होती. त्याची बायको मनुबाई पोटुशी होती. आधीची दोन बाळं गावीच गेली होती, एक जन्मताना आणि एक तिसऱ्या दिवशी. दुसऱ्या खेपेला मनुबाईच हाती लागते की नाही असं झालं होतं. डॉक्टरांचा शब्द होता, "आकाराम, तुझी नोकरी कायम झाली की मागच्या खोलीत बिऱ्हाड आण. बाळंतपण माझ्याकडं." चैत्रात दिवस भरत होते. म्हणजे माघ संपायच्या आत नोकरी कायम व्हायला हवी होती, आणि ती व्हायची कशी, तर नहाणीतला वास गेल्यावर.

कारण वास येत होता. साधासुधा नव्हे. मागच्या अंगणात जमिनीखाली मैल्याची टाकी होती, तिचा तो वास होता, आणि तो नहाणीतून निघून थेट बाळंतिणीच्या उशाशी जाऊन बसत होता.

तसं सुरुवातीला कारण उघड वाटलं. गवंड्यानं मशीनची रबरी नळी नहाणीच्या मोरीत कोपरभर खुपसली होती आणि भोवती काथ्या आणि डांबर ठासून भोक बंद केलं होतं, वास येऊ नये म्हणून. हेतू चांगला, पण कामाचा सत्यानाश! आकारामानं पहिल्याच दिवशी मशीनमध्ये चार बादल्या स्वच्छ पाणी ओतलं आणि साबण आणायला गेला. परत येतो तो पिंप निम्मं रिकामं. नळीचं तोंड पिंपापेक्षा खाली, त्यामुळं पाणी आपलं आपणच उतरून चाललेलं. दुपारी उलटंच झालं. मोरी तुंबली, आणि पंप थांबताच मोरीतलं काळं पाणी त्याच नळीतून उलटं चढून धुतलेल्या दुपट्यांत आलं. डॉक्टरांनी ते पाहिलं आणि हात धुवायला गेले.

आकारामाला बसऱ्याच्या गोऱ्या सार्जंटची शिकवण आठवली. त्यानं डांबर खरवडून काढलं. भिंतीला लागून एक उभा लोखंडी पाईप बसवला, मशीनच्या काठापेक्षा चांगला वीतभर उंच. त्याच्या बुडाशी पाणी अडून राहील असं वाकडं वळण, पुढं जोड मोरीच्या पलीकडं, टाकीकडं जाणाऱ्या बाहेरच्या नळात. रबरी नळी वर चढवून त्या पाईपच्या तोंडात नुसती अडकवली, भोवती बोट फिरेल एवढी मोकळी. पाणी आपोआप उतरायचं थांबलं. नळीचं तोंड कधी घाण पाण्यात बुडेना, त्यामुळं उलटं यायचंही थांबलं. दुपट्यांचे दोरे मोरीत जाऊ नयेत म्हणून पिंपाच्या बुडाला त्यानं तारेची जाळी लावली. उभ्या पाईपचं काम चोख झालं.

वास मात्र जागच्या जागी.

"ह्ये तुझं यंत्र घाण हाय रं," पद्मावतीअक्का जिन्यावरून म्हणाल्या. अक्का साठी उलटलेल्या, पांढऱ्या लुगड्यातल्या, काटक. कट्टर जैन, सूर्य बुडायच्या आत जेवणार, पाणी गाळल्याशिवाय कपड्यालासुद्धा लावणार नाहीत. "माणसाचा मळ त्येच्या पोटात साचतोय आन् कुजतोय. सांज झाली की वर माडीवर बसवत न्हाई."

"अक्का, मशीन रोज पुसून कोरडं करतोय मी. वास त्येचा न्हाई."

"मग कशाचा हाय? ते यायच्या आधी व्हता का वास?"

खरंच, आधी वास नव्हता.

आता इथं मोरीची रचना सांगायला हवी, नाहीतर आकारामाचा गोंधळ कळायचा नाही. नहाणीच्या फरशीत जाळीखाली एक चिनीमातीचं खोलगट भांडं असतं. त्यातून पाणी पुढच्या नळात जातं, पण थोडं पाणी भांड्यात कायम तुंबून राहतं. ते तुंबलेलं पाणी म्हणजेच बूच. टाकीतली घाण हवा त्या पाण्यापाशी येऊन अडते, वर येत नाही. भांडं कोरडं पडलं की बूच निघालं, आणि वासाला रस्ता मोकळा. आकाराम रोज सकाळी जाळी उचलून पाही, तर भांडं कोरडं ठणठणीत! मग तो फरशीवर पाणी ओतून कामाला लागे आणि वास तासाभरात निवे. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

त्यानं विचार केला, आपलं मशीन एकदम पिंपभर पाणी सोडतं, ते नळातून जोरानं जाताना मागची हवा ओढत असेल आणि तिच्याबरोबर मोरीतलं पाणीही ओढून नेत असेल. असं होतं, हे त्यानं बसऱ्याला डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून बाहेरच्या नळाला जोडून त्यानं हवेसाठी एक पाईप थेट नहाणीच्या कौलांच्या वर नेला. आता नळाला हवा वरून मिळेल, मोरीतून ओढायला नको. दोन दिवस राबला, शिडीवरून पडता पडता वाचला.

तिसऱ्या सकाळी भांडं कोरडं.

मग त्याला वाटलं, एखादा दोरा किंवा केस भांड्याच्या काठावरून पुढं लोंबत असेल आणि वातीसारखं पाणी चोखून नेत असेल. त्यानं बोट घालून भांडं पुसून काढलं. एकही दोरा नव्हता. मग त्यानं एक दिवस मशीनच चालवलं नाही. सकाळी भांडं तांब्यानं काठोकाठ भरलं आणि कपडे हातानं धुतले, मागच्या दगडावर, बसून. थोरल्या भावानं पाहिलं असतं तर त्याला समाधान वाटलं असतं. संध्याकाळी बाळंतीण नाकाला पदर लावून बसली होती आणि भांडं कोरडं होतं.

आकाराम त्या भांड्यापुढं उकिडवा बसून राहिला. मशीन चाललं नाही. दोरा नाही. हवेचा पाईप आहे. उन्हानं म्हणावं तर दोन अंगुळं पाणी एका दुपारी उडायला ही काही भट्टी नव्हे, त्याला पंधरवडे लागतात. मग पाणी जातं कुठं? त्याला पहिल्यांदाच भीती वाटली, की आपल्याला यातलं काही कळतच नाही. तीन वर्षं इराकात आपण नुसती कळ दाबत होतो, आणि डोकं त्या सार्जंटचं होतं. ही भीती वाईट होती, कारण तिच्या पलीकडं मनुबाई उभी होती.

डॉक्टरांनी त्याला बोलावलं. डॉक्टर मवाळ माणूस, आणि मवाळ माणसाचं कडक बोलणं फार लागतं.

"आकाराम, कालच्या बाळंतिणीचे वडील तिला घेऊन गेले. अशा वासात मुलगी ठेवणार नाही म्हणाले. त्यांचं चुकलं का?"

"न्हाई साहेब."

"आठ दिवस देतो. नाही जमलं तर मशीन काढून टाकतो. मग तुला ठेवून मी काय करू, तूच सांग."

"आठ दिवसांत काढतो साहेब," आकाराम म्हणाला. काय काढतो ते त्यालाही माहीत नव्हतं. बाहेर येऊन त्यानं गणित केलं. आठ दिवसांनी परत गेलं, तर मनुबाईला गावीच बाळंत व्हावं लागेल. तीच काळोखी खोली, तीच सुईण.

चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी त्याला वाटलं, भांड्यालाच चीर असणार. चिनीमातीला केसाएवढी चीर असली तरी पाणी झिरपतं. पण चीर दिसेना. तेव्हा त्यानं धुण्याच्या निळीची एक वडी फडक्यात बांधून भांड्यातल्या पाण्यात घोळली. पाणी गर्द निळं झालं. आता जिथं निळं दिसेल तिथं गळती. फरशीच्या सांध्यात दिसेल, नाहीतर भिंतीच्या बुडाशी. मनाशी खूश होऊन तो नेहमीसारखा दुपारी माळवदावर कपडे वाळत घालायला गेला.

तिसऱ्या प्रहरी उतरून पाहतो तो भांडं कोरडं. फरशीचे सांधे पांढरे, भिंत पांढरी. मागच्या अंगणात टाकीभोवती फिरला, काही नाही. तेवढ्यात कुंपणाजवळच्या जास्वंदीकडं लक्ष गेलं. जास्वंदीच्या बुडाशी माती ओली होती आणि निळी होती.

आकारामानं डोळे चोळले. नहाणी खाली, जास्वंद वरच्या अंगाला. मध्ये पंधरा पावलं आणि दोन पायऱ्या. पाणी मोरीतून निघून पायऱ्या चढून जास्वंदीला कसं जाईल? त्यानं मातीत बोट घातलं, वास घेतला. नीळच होती. त्याला वाटलं, आता हे आपल्या हातचं राहिलं नाही, हे बाहेरचं काहीतरी आहे. कडेगावला असता तर त्यानं देवऋषी गाठला असता.

तो तसाच मातीत बसला असताना अक्का जिना उतरून आल्या. न्हाऊन आलेल्या, केस ओले.

"आकाराम, उद्या म्हाळसा येणार हाय, माझ्या भणीची नात, बाळंतपणाला. तिला काय ह्या वासात निजवू? आठ दिस म्हणे दिलेत तुला. मी म्हणते कशाला? आजच ने ते यंत्र." असं म्हणत अक्कांनी नहाणीकडं बोट दाखवलं.

बोट निळं होतं. नखाच्या कडेला निळं, पेरांच्या सुरकुत्यांत निळं. न्हाऊनही गेलं नव्हतं, कारण नीळ तशी एका अंघोळीत जात नाही, हे आकारामाइतकं कुणाला माहीत?

तो बोटाकडं बघतच राहिला. मग मातीकडं, मग पुन्हा बोटाकडं.

"अक्का," तो हळू म्हणाला, "मोरीतलं पाणी तुमी काढता व्हय?"

अक्कांनी हात पदराखाली घेतला. पण खोटं बोलणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं.

"काढते. रोज दुपारी, न्हायच्या आधी. फडक्यानं टिपून घेते आन् झाडाला घालते. चोरी हाय का?"

"पर कशापाई?"

"कशापाई म्हंजे? पाणी रातभर तुंबलं की त्येच्यात जीव पडत्यात. आन् सकाळी तुझ्या यंत्रातनं सांडल्यालं कढत साबणाचं पाणी वरनं पडणार. किती जीवांची हत्त्या! आधी मोरीत धुणं न्हवतं, गार पाणी जायचं, मी मनावर घेतलं न्हाई. तुझं यंत्र आलं आन् माझ्या घरात रोज सकाळी ह्ये पाप सुरू झालं. धन्यकुमारला सांगितलं तर हसला. मग मीच काढते. कुणाला सांगू नी कशाला?"

आकारामाला हसावं की रडावं कळेना. महिनाभर त्यानं पाईप चढवले, कौलांवर चढला, स्वतःच्या अकलेवर शंका घेतली. आणि ही म्हातारी रोज दुपारी उकिडवी बसून, जीव वाचवायचे म्हणून, वासाचं बूच उपसून जास्वंदीला घालत होती. वर तीच वासानं सगळ्यांत जास्त कावलेली! त्याला राग आला होता, खरंच आला होता. पण त्या निळ्या बोटांकडं पाहून तो बाहेर पडेना.

"अक्का, देवघरातली एक उदबत्ती आणा," तो म्हणाला.

नहाणीत त्यानं जाळी उचलली आणि पेटती उदबत्ती कोरड्या भांड्यावर धरली. धूर झपकन वर उडाला, कुणी खालून फुंकल्यासारखा. अक्का वाकून बघत होत्या, त्यांनी नाक दाबलं. मग त्यानं तांब्याभर पाणी भांड्यात ओतलं आणि उदबत्ती पुन्हा तिथंच धरली. धूर सरळ, शांत, देवापुढं असतो तसा वर गेला.

"पुन्ना कर," अक्का म्हणाल्या.

त्यानं पाणी फडक्यानं टिपलं. धूर उडाला. पाणी ओतलं. धूर थांबला. अक्कांनी तीन वेळा करायला लावलं. मग त्या फरशीवर बसल्या.

"म्हंजे वास मीच आणत व्हते," त्या शेवटी म्हणाल्या.

"तुमास्नी काय ठाव!"

"ते न्हवं. त्या पोरी नाक दाबून पडत व्हत्या आन् मी तुला बोल लावत व्हते." त्यांचे डोळे भरून आले. "पर आकाराम, पाणी ठेवलं तर जीव पडत्यात. ते मला सोसणार न्हाई. ह्यातनं वाट काय?"

आकारामानं डोकं खाजवलं. बसऱ्याच्या सार्जंटनं हे काही शिकवलं नव्हतं. सार्जंटपुढं असा प्रश्न कधी आलाच नव्हता.

"अक्का, तुमच्यात उकळल्यालं पाणी किती येळ चालतंय प्यायाला?"

"चांगलं कढवल्यालं आठ प्रहर. एक दिवस एक रात."

"मग जुनं पाणी काढा, रोजच्यासारखं. पर काढलं की लगेच कढवून निवल्यालं पाणी घाला. काठापर्यंत. दुसऱ्या दिवशी पुन्ना तसंच. जीव पडायचा न्हाई, भोक मोकळं ऱ्हायचं न्हाई."

अक्कांनी विचार केला. बोटांवर प्रहर मोजले. मग उठल्या आणि वर जाऊन चुलीवर तपेलं चढवलं.

तीन दिवस वास आला नाही. म्हाळसा आली, बाळंत झाली, नाकाला पदर न लावता निजली. आठव्या दिवशी डॉक्टर नहाणीत येऊन उभे राहिले, दोनदा जोरानं श्वास घेतला.

"काय होतं रे शेवटी?"

आकारामानं जिन्याकडं पाहिलं. अक्का तिथं उभ्या होत्या. सांगावं तर म्हातारीची मान खाली जाणार, आणि न सांगावं तर आपली अक्कल पणाला.

"उन्हाचा कडाका हाय साहेब," तो म्हणाला. "मोरीतलं पाणी उडत व्हतं. आता रोज घालतोय."

"माघात?" डॉक्टर म्हणाले.

"ऊन न्हवं ते," जिन्यावरून आवाज आला. "मी उपसत व्हते. यंत्र निर्दोष हाय आन् ह्यो माणूसबी. बायकोला आणायचं म्हणत व्हता न्हवं? आणू दे."

चैत्रात मनुबाईला सकाळीच कळा सुरू झाल्या. मशीन बंद होतं. आकाराम बाहेरच्या ओसरीवर बसून होता, उठत होता, पुन्हा बसत होता. आतून आवाज यायचा आणि मध्येच यायचा बंद व्हायचा, आणि बंद झाला की त्याचा जीव कासावीस व्हायचा. गावी दोन्ही खेपांना शेवटी पाळणा रिकामाच राहिला होता. मोरीत पाणी घालायचं काम अलीकडं त्यानं अक्कांकडून आपल्याकडं घेतलं होतं, आणि दुपार टळली तेव्हा त्याला एकदम आठवलं, आज ते राहिलंच. तो धडपडत नहाणीत शिरला.

अक्का जाळीपाशी उकिडव्या बसलेल्या. शेजारी निवलेलं तपेलं, हातात तांब्या.

"तू भाईर बस," त्या म्हणाल्या. "आजचं पाणी मी घालते. तिच्याकडं वास जायाला नगं."

तांब्यातलं पाणी भांड्यात पडत होतं तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून रडणं आलं. मनुबाईचं नव्हे. बारीक, चिरकं, रागावलेलं. आकाराम भिंतीला धरून उभा राहिला, ते पुन्हा थांबतं का म्हणून ऐकत. थांबलं नाही. अक्कांनी तांब्यातलं उरलेलं सगळं पाणी ओतलं, जाळी बसवली आणि म्हणाल्या, "जा. आता आत जा."